३२ पानं, एकच चेहरा

प्रश्न: माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या फोटोवरून चित्रपुस्तकाची नायिका केली आहे. ३२ पानांचं पुस्तक आहे. पहिल्या पानावर ती हुबेहूब तीच दिसते, पण पाचव्या-सहाव्या पानापर्यंत कुणी वेगळीच मुलगी वाटायला लागते. प्रत्येक पानाला फोटो समोर ठेवूनच काढते, तरी असं का होतं? टॅब्लेटवर काम करते.

उत्तर:

प्रत्येक पानाला फोटो समोर ठेवता, म्हणूनच असं होतं. पहिलं पान जमलं, कारण बहुधा त्या पानावरची पोझ आणि फोटोतली पोझ एकच होती. दुसऱ्या पानावर ती धावत असेल, तिसऱ्यावर खाली वाकून काहीतरी बघत असेल. त्या पोझचा फोटो नाही, मग दुसरा एखादा फोटो काढला, त्यातलं थोडं घेतलं, थोडं मनाने भरलं. प्रत्येक फोटो मात्र वेगळ्या अंतरावरून, वेगळ्या उंचीवरून, वेगळ्या उजेडात घेतलेला असतो. त्यामुळे जितके फोटो तितक्या मुली पुस्तकात येतात.

मी सांगतो ती पद्धत थोडक्यात अशी आहे: फोटोवरून चित्र एकदाच काढायचं. त्यातून मुलीचं एक पक्कं शीट, म्हणजे तिचं डोकं सगळ्या बाजूंनी, हावभाव, मापं आणि रंग दाखवणारं नमुन्याचं पान, तयार करायचं आणि मग फोटो बाजूला ठेवून द्यायचे. पुढची सगळी पानं त्या शीटवरून काढायची. फोटोवरून नाही, आणि मागच्या पानावरून तर नाहीच नाही. मागच्या पानावरून पुढचं पान काढलं की कानगोष्टींच्या खेळासारखं होतं. प्रत्येक पानावर केसभर फरक पडतो, तो लक्षात येत नाही, आणि विसाव्या पानावर भलताच चेहरा समोर असतो.

आधी फोटोंबद्दल सांगतो, कारण अर्धी गडबड तिथेच होते.

घरातले फोटो साधारण हातभर अंतरावरून घेतलेले असतात. इतक्या जवळून नाक आहे त्यापेक्षा मोठं येतं, गाल पुढे येतात, कान मागे दडतात. त्यात घेणारा उभा आणि मूल खाली, म्हणजे कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक. आपण हे ‘किती गोड चेहरा आहे’ म्हणून कागदावर उतरवतो. प्रत्यक्षात तो कॅमेऱ्याच्या अंतराचा परिणाम असतो, भाचीचा चेहरा नव्हे. शक्य असेल तर तिचे नवे फोटो घ्या. साधारण दोन मीटर लांब जा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा (म्हणजे तुम्ही जमिनीवर बसा), फोनवर दोन पट झूम करा आणि खिडकीचा मऊ उजेड चेहऱ्यावर घ्या. समोरून, पाऊण वळून, पूर्ण बाजूने आणि मागून, असे चार फोटो हवेतच. बाजूचा फोटो लोक हमखास विसरतात. समोरच्या फोटोवरून नाकाचा उतार, ओठ किती पुढे आहेत, हनुवटी किती मागे आहे हे कळतच नाही. मग बाजूचं चित्र करायची वेळ आली की आपण आपल्या हाताच्या सवयीचं नाक काढून मोकळे होतो. याशिवाय हसतानाचा एक आणि खाली बघतानाचा एक घ्या. शेवटचा एक उभा, पायापासून डोक्यापर्यंत.

एक सावधगिरी. सेल्फीच्या कॅमेऱ्याने घेतलेला फोटो काही फोनमध्ये उलटा, आरशात दिसतो तसा साठतो. मागे एका पुस्तकात माझा भांग त्यामुळेच चुकला होता. पालकांनी पाठवलेल्या सहा फोटोंपैकी दोन उलटे होते, मी त्यातल्या एकावरून सुरुवात केली आणि मुलाचा भांग पुस्तकभर उजवीकडे गेला. घरच्यांना काहीतरी खटकत होतं, काय ते सांगता येत नव्हतं. फोटोत एखादं अक्षर असलेला शर्ट किंवा भिंतीवरची पाटी दिसत असेल तर लगेच कळतं. नसेल तर सरळ विचारून घ्या: भांग कुठल्या बाजूला, तीळ कुठल्या गालावर.

आता शीट. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. ३२ पानांच्या कामात दहा-बारा दिवस एकट्या शीटला गेले तरी ते जास्त वाटत नाहीत.

सुरुवातीला फोटो दोन-तीन मिनिटं नीट बघायचे, मग पालथे घालायचे आणि आठवणीने तिची छोटी छोटी वीस-पंचवीस डोकी काढायची. प्रत्येक डोकं साधारण अंगठ्याएवढं. आठवणीतून जे कागदावर येतं तीच त्या चेहऱ्याची खरी ओळख असते, बाकीचं फोटोतलं ओझं असतं. मग ही डोकी तिला रोज बघणाऱ्या कुणाला तरी दाखवायची, ‘ही कोण’ असं न सांगता. तुमच्या बाबतीत ताईला किंवा दादा-वहिनीला दाखवता येईल. ज्या दोन-तीन डोक्यांवर त्यांचं बोट झटकन जातं, त्यांच्यात काय सारखं आहे ते शोधा. बहुतेक वेळा ते डोळ्यांचा रंग किंवा पापण्या असं काही नसतं. कपाळावर केसांची रेघ कुठून सुरू होते, भुवया आणि डोळे यांच्यात किती जागा आहे, दोन डोळे एकमेकांपासून किती लांब आहेत, कान किती बाहेर आलेत, नाकापासून वरच्या ओठापर्यंत किती अंतर आहे, असल्या गोष्टी असतात. ओळख अवयवांच्या आकारापेक्षा त्यांच्यामधल्या अंतरात जास्त असते.

यातल्या तीन किंवा चार खुणा निवडा, आणि त्या थोड्या वाढवून काढा. भाचीचे डोळे जरा लांब असतील तर आणखी किंचित लांब. कान बाहेर असतील तर आणखी थोडे बाहेर. वाढवलेली खूण लहान चित्रातही टिकते आणि हाताच्याही लक्षात राहते. हुबेहूबपणाच्या मागे लागलात तर चेहऱ्यात वीस बारीक गोष्टी येतील, आणि वीस गोष्टी ३२ पानं सांभाळणं कुणालाच जमत नाही.

खुणा ठरल्या की मापं. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण पुढे हीच वाचवते. डोक्याची उंची, म्हणजे कवटीच्या टोकापासून हनुवटीपर्यंत, १०० भाग धरा. केसांचा फुगवटा यात धरू नका, कारण केस उडतात, भिजतात, बांधले जातात. कवटी तशीच राहते. आता डोळ्यांची रेघ वरून किती भागांवर आहे ते लिहा. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मधोमध, ५० वर असतात. लहान मुलांचे त्याहून खाली असतात, आणि चित्रपुस्तकात आपण ते आणखी थोडे खाली घेतो. माझ्या कामात सहा वर्षांच्या मुलासाठी ते ५८ ते ६० वर येतात. मग नाकाचं टोक, ओठांची रेघ, कानाचं वरचं आणि खालचं टोक, आणि दोन डोळ्यांमधलं अंतर. एवढी सहा-सात मापं पुरतात. शरीराचं माप डोक्यात मोजायचं. या वयाचं खरं मूल साडेपाच ते सहा डोक्यांइतकं उंच असतं, चित्रपुस्तकात ते तीन ते चार डोक्यांचं करतात. तुम्ही साडेतीन ठरवलं की प्रत्येक पानावर साडेतीनच.

मग हेच डोकं फिरवायचं: समोरून, पाऊण, बाजूने, मागून पाऊण, मागून. याशिवाय मान खाली आणि मान वर अशी दोन. या शेवटच्या दोघांत लोक फार अडखळतात. मान खाली गेली की डोक्याचा वरचा भाग जास्त दिसतो, डोळे-नाक-तोंड खाली सरकून एकमेकांजवळ येतात, आणि कान त्यांच्या मानाने वर चढतात. मान वर केली की उलट, कान खाली येतात आणि कपाळ आक्रसतं. कान होते तिथेच ठेवले तर चेहरा लगेच दुसऱ्याचा वाटतो, आणि आपण बिचाऱ्या डोळ्यांवर खाडाखोड करत बसतो.

डोकं फिरवणं अवघड जात असेल तर खेळायच्या मातीचं एक डोकं करा. लिंबाएवढं असलं तरी चालतं. सुबक नको. कवटीचा गोळा, गालांचा फुगवटा, नाकाचा ठिपका, कान आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे एवढंच. वरून बघणारी पोझ आली, मुलगी झाडावर चढली आणि आपण खालून बघतोय असं पान आलं, की हे डोकं हातात धरून फिरवायचं. मी टॅब्लेटवर आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण मातीचं डोकं अजून टेबलावर असतं. सावली कुठे पडेल हेही त्यावर दिवा धरून कळतं.

हावभावांसाठी शीटवर वेगळी ओळ ठेवा: हसणं, रडणं, रुसणं, दचकणं, झोप. इथे एक गोष्ट मनाशी पक्की करायची, की चेहऱ्यात काही गोष्टी हलतात आणि काही कधीच हलत नाहीत. भुवया, पापण्या, गाल, ओठ, खालचा जबडा हलतात. कवटी, केसांची रेघ, कानांच्या जागा, दोन डोळ्यांमधलं अंतर हलत नाही. मुलगी खळखळून हसते तेव्हा गाल वर येऊन खालची पापणी ढकलतात, डोळे बारीक होतात, जबडा खाली गेल्यामुळे चेहरा लांब होतो. हे सगळं करूनही डोळ्यांतलं अंतर तेवढंच ठेवलं तर ती तीच राहते. बहुतेक चित्रांत हसताना डोळे लहान करण्याच्या नादात ते नकळत एकमेकांजवळ येतात, आणि तिथेच चेहरा हरवतो.

आणखी एक ओळ आकाराची. जोडपानावर तिचा चेहरा तळहाताएवढा असेल, आणि पुढच्याच पानावर ती दूर टेकडीवर नखाएवढी असेल. मोठं चित्र छोटं करून चालत नाही, रेघा गचाळ होतात. म्हणून तीन आकारांची तीन डोकी शीटवरच काढून ठेवा. छोट्या आकारात नाक जाईल, भुवया जातील, डोळ्यांचे दोन ठिपके राहतील. पण निवडलेल्या चार खुणांपैकी किमान दोन तिथेही राहिल्या पाहिजेत. खात्री करायची असेल तर आकृती सगळी काळी भरून बघा. नुसत्या काळ्या छायेवरून ती ओळखू येत असेल, केसांच्या आकारामुळे, बाहेर आलेल्या कानांमुळे, ढगळ शर्टामुळे, तर छोटी पानंही निभतील. शीटवर ती ओळखू येत नसेल तर कपडे किंवा केस अजून ठरायचे आहेत असं समजा.

कपड्यांबद्दल एवढंच, की एका बाजूलाच असलेली वस्तू विचार करून द्या. डाव्या खांद्यावरची पिशवी किंवा एकाच बाजूला खिसा दिला की प्रत्येक पानावर डावं-उजवं सांभाळावं लागतं. टॅब्लेटवर आकृती आडवी उलटवायचा मोह फार होतो, एका बोटाचं काम असतं. उलटवली की पिशवी, भांग, तीळ सगळं पलीकडे जातं. उलटवा, पण मग या गोष्टी हाताने परत जागेवर आणा.

आता तुमच्यासारखंच माझ्याकडे झालेलं एक काम सविस्तर सांगतो, म्हणजे दुरुस्ती कशी करतात ते कळेल.

सहा वर्षांचा मुलगा, ३२ पानं, त्यातली चित्रांची १३ जोडपानं. शीट केलं होतं, पण घाईत, समोरून आणि पाऊण एवढंच. दहा जोडपानं झाल्यावर त्याच्या आईला दाखवली. तिने शेवटची तीन-चार पानं परत परत उलटून बघितली आणि म्हणाली, “हा तर त्याचा दादा वाटतोय.” मला काही दिसत नव्हतं. रोज बघून बघून डोळा सरावला होता.

घरी येऊन मी दहाही पानांवरचे चेहरे कापून एका पट्टीत ओळीने लावले, सगळी डोकी एकाच उंचीची करून. पट्टी लावताच दिसलं. शीटवर डोळ्यांची रेघ ६० वर होती. पहिल्या तीन जोडपानांवर ५९-६०, पाचव्यावर ५७, आणि नवव्या-दहाव्यावर ५३. प्रत्येक पानावर फरक एक-दीड भागाचा, पण सगळा एकाच दिशेने. डोळे वर चढले तसं कपाळ लहान झालं, हनुवटी लांबली. जोडीला मानही दिसायला लागली होती, जी शीटवर जवळजवळ नव्हती. म्हणजे पुस्तकात एका दिवसाची गोष्ट होती आणि मुलगा दहा पानांत चार-पाच वर्षांनी मोठा झाला होता.

हे असं एकाच दिशेने का सरकतं? आपला हात मोठ्या माणसांचे चेहरे काढून तयार झालेला असतो. लक्ष थोडं ढळलं की तो त्याच मापांकडे ओढतो. म्हणून चित्रपुस्तकातली मुलं सहसा लहान होत नाहीत, वयाने मोठीच होत जातात. तुमच्या सहाव्या पानावरची वेगळी मुलगी बघा. माझा अंदाज आहे की ती मोठी दिसत असेल.

दुरुस्तीसाठी सगळी पानं नव्याने काढावी लागली नाहीत. आधी शीट पूर्ण केलं, राहिलेल्या बाजू, मान वर-खाली, हावभाव. मग प्रत्येक पानावर शीटमधलं त्याच कोनातलं डोकं वेगळ्या लेयरवर, ओपॅसिटी चाळीस-पन्नास टक्के करून, डोळ्यांच्या रेषेवर रेषा जुळवून ठेवलं. जिथे फरक एक भागापेक्षा कमी, ते पान सोडून दिलं. दहापैकी सहा पानांवर फक्त डोकी नव्याने काढली, शरीरं आणि पार्श्वभूमी तशीच राहिली. दोन पानांवर मानही आखूड करावी लागली, म्हणून खांदे वर घ्यावे लागले. कागदावर काम करणाऱ्यांनी हेच ट्रेसिंग पेपर आणि लाइटबॉक्सवर करावं, फक्त रंग भरायच्या आधी, पेन्सिल रेखाटनावरच.

तेव्हापासून चेहऱ्यांची पट्टी मी कामाच्या शेवटी करत नाही, पहिल्या दिवशीच एक फाइल उघडतो. सगळ्यात डावीकडे शीटमधलं डोकं. पानाचं रेखाटन झालं की त्यातला चेहरा त्या रांगेत जातो, आणि तो शीटशी जुळल्याशिवाय त्या पानाला रंग लागत नाही. पट्टी अधूनमधून आरशासारखी उलटी करूनही बघायची. सरावलेला डोळा उलट्या चित्रात पुन्हा नवा होतो.

पानं काढायचा क्रमही महत्त्वाचा. एक ते ३२ असं ओळीने जाऊ नका. पहिल्या तीन-चार चित्रांत हात बसत असतो, आणि ती सुरुवातीला असली की वाचणाऱ्याची ओळख कच्च्या चेहऱ्याशी होते. मी मधली, कमी महत्त्वाची पानं आधी घेतो. मग शेवट, आणि पहिलं पान हात पूर्ण बसल्यावर. शिवाय क्रम असा तोडला की चेहरा सरकला तरी तो पुस्तकभर विखुरतो. सगळी सरकलेली पानं शेवटी एका ठिकाणी साचत नाहीत.

रंगाबद्दल एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे, कारण ती चुकलेली मी पुष्कळ पुस्तकांत बघतो: कातडीचा रंग पानागणिक उजळत जातो. मुद्दाम कुणी करत नाही. एकच तपकिरी रंग पांढऱ्या पानावर गडद वाटतो आणि काळोख्या पार्श्वभूमीवर फिका. चित्रपुस्तकात पांढरी, उजळ पानं जास्त, म्हणून चित्रकार डोळ्याने रंग घेताना दर वेळी थोडा हलका घेतो. गव्हाळ किंवा सावळी मुलगी शेवटच्या पानावर गोरी झालेली असते, आणि ते पुस्तक हातात घेणारी ती मुलगी स्वतःच असते. तिला ते दिसतं.

म्हणून रंग डोळ्याने घ्यायचे नाहीत. शीटवर कातडीचे तीन रंग ठरवा: मूळ, सावलीतला आणि गालावरचा. केसांचे दोन, कपड्यांचे काय असतील ते. प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवा आणि रंग कायम त्या शीटवरूनच उचला, मागच्या पानावरून नाही. रात्रीचं पान असेल तर कातडीसाठी नवा निळसर तपकिरी शोधत बसू नका. आकृती नेहमीच्या रंगांत पूर्ण भरा आणि तिच्यावर निळ्याचा एक लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये टाका. सगळे रंग एकत्र गडद होतात, त्यांचं आपसातलं नातं टिकतं, आणि मुलगी रात्रीही तीच राहते. जलरंगात करणाऱ्यांनी कातडीचा रंग पुस्तकभर पुरेल इतका एकदाच कालवून झाकणाच्या बाटलीत ठेवावा, आणि वापरण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टी वाळवून बघावी. जलरंग वाळल्यावर फिकट होतो. ओल्या रंगावरून ठरवलं की फसगत होते.

छपाईत आणखी एक खाच आहे. छापलेली कातडी मुख्यतः पिवळ्या आणि मॅजेंटा शाईतून येते, आणि निळी शाई तिला गडद करते. ही निळी शाई थोडी जरी वाढली तरी चेहरा राखाडी, आजारी वाटतो. त्यामुळे सगळं पुस्तक छापायच्या आधी एक उजळ पान, एक रात्रीचं पान आणि शीट अशा तिघांचं छापील प्रूफ मागवा आणि दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघा. पडद्यावर जुळलेले रंग कागदावर जुळतातच असं नाही.

भाची सहा वर्षांची आहे म्हणून हेही विचारात घ्या. तुमचं काम सहा-आठ महिने चालणार. या वयात पुढचे दुधाचे दात पडतात, केस वाढतात, कापले जातात, गाल उतरतात. मध्येच ती भेटायला आली आणि पुढचे दोन दात नसलेली हसली, तर तो चेहरा पुस्तकात घ्यावासा वाटेलच. ते आधीच ठरवा. दात आहेत की नाहीत ही शीटवर लिहायची गोष्ट आहे. एकदा लिहिलं की प्रत्यक्षातली भाची कितीही बदलली तरी पुस्तकातली त्याच तारखेला थांबलेली राहते. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर ते शेवटची पानं आजच्या मुलीशी ताडून बघतात आणि ‘आता ती अशी दिसत नाही’ म्हणतात. शीटला त्यांची मान्यता सुरुवातीलाच घ्या. तिचा चेहरा छापायची परवानगी आई-वडिलांकडून लेखी घेतलेली बरी, नातं असलं तरी. आणि भाचीला स्वतःलाही विचारा. सहा वर्षांचं मूल ‘माझे कान असे काढू नको’ असं स्पष्ट सांगू शकतं. ते शीटच्या वेळी ऐकलेलं बरं.

तुमच्या झालेल्या सहा पानांचं काय करायचं, ते आता सांगतो. टाकू नका. आणखी एकही पान न काढता आधी शीट पूर्ण करा. मग सहाही चेहरे पट्टीत लावा आणि मापं घ्या. पहिलं पान तुम्हाला आवडलेलं आहे, पण तेच शीट मानू नका. ते फोटोतल्या कॅमेऱ्याचं अंतर घेऊन आलेलं असण्याची शक्यता आहे, म्हणून तेही रांगेत इतरांसारखंच तपासा. माझ्या अनुभवात पहिलं पान बऱ्याचदा बदलावंच लागतं, कारण ते फोटोशी जुळतं आणि बाकी पुस्तकाशी जुळत नाही. जिथे नुसती डोळ्यांची रेघ सरकली आहे तिथे डोळे, नाक, तोंड एकत्र निवडून खाली आणा, वर कपाळ आपोआप मोठं होईल, आणि मग हनुवटी तपासा. जिथे डोक्याचा कोनच चुकला आहे तिथे ओढाताण करू नका, डोकं पुसून शीटवरून नव्याने बसवा, ते लवकर होतं. मुखपृष्ठ मात्र आत्ता हातात घेऊ नका. ते सगळ्यात शेवटी काढा, ३२ पानं पट्टीत लागल्यावर.